साठ ग्रॅमची पुडी, तेरा पंप

माझ्या भावाचं घाटंजी तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. दरवर्षी पोळ्याच्या आधी तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, फवारणीचं एक पत्रक छापून काउंटरवर ठेवतो. गेल्या साली त्याने मला फोन केला आणि म्हणाला, "ताई, तुझ्या वर्गातल्या बायांना वाचता येईल असं हे पत्रक करून दे. लोकं घेऊन जातात आणि त्यात खिळे बांधतात."

मी गावातल्या साक्षरता वर्गाला शिकवते. वर्गात बहुतेक बायाच आहेत. त्यांना अक्षरं येतात, बसचा बोर्ड वाचता येतो, पण लांब वाक्य त्यांच्या हातात राहत नाही. शेवटच्या शब्दापर्यंत पोचेस्तोवर पहिला शब्द निसटून जातो. मला वाटलं, दोन संध्याकाळींचं काम आहे. दीड महिना लागला.

जुन्या पत्रकातलं मुख्य वाक्य असं होतं: "तुडतुड्यांचा प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेल्यास फ्लोनिकॅमिड ५० टक्के डब्ल्यूजी ६० ग्रॅम प्रति एकर २०० लिटर पाण्यात मिसळून फवारणी करावी." मी ते तोडलं. "तुडतुडे बघा. पुडी फोडा. पाण्यात टाका. फवारा मारा." वाक्यं इतकी छोटी झाली की माझी मीच खूश झाले. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मावशीने ते बोट ठेवून वाचलं. सगळं वाचलं, अडखळली नाही. मग मान वर करून म्हणाली, "कोन्त्या पान्यात?"

वाक्य लहान करण्याच्या नादात मी त्यातला हिशोबच काढून टाकला होता. किती पाणी, किती पंप, एका पंपात किती औषध, हे काहीच उरलं नव्हतं. आणि या पत्रकात कामाचं होतं ते तेवढंच.

मग मी आकडे घालायला बसले. २०० लिटर पाणी, पंप १५ लिटरचा, म्हणजे एकराला तेरा पंप. पाच लिटर कमी पडतात, तेवढं चालतं. साठ ग्रॅमला तेराने भागलं तर एका पंपाला साडेचार ग्रॅमच्या थोडं वर येतं. मी लिहिलं, "एका पंपाला ४.५ ग्रॅम." मावशीने वाचलं, "पंचेचाळीस."

माझ्या पोटात गोळा आला. मधला टिंब तिला दिसलाच नाही. दिसला असता तरी तिच्या लेखी तो कागदावर पडलेला डाग होता, कारण दशांश चिन्ह आमच्या वर्गात अजून आलंच नव्हतं. तिने हे वाचून मिसळलं असतं तर औषध दहापट झालं असतं. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं गेली, ती आठवण इथल्या कुठल्या घरात नाही? मावशीचं वाचणं ऐकून मी ठरवलं, पत्रकात टिंबाचा आकडा नको. "साडेचार" असं अक्षरात लिहूनही बघितलं. पण साडेचार ग्रॅम वावरात मोजणार कशाने? तराजू कोण नेतो?

भाऊ म्हणाला, "झाकण लिही. सगळे झाकणानेच टाकतात." हे ऐकायला अगदी हातात धरता येईल असं माप होतं, पण दुकानातल्या बाटल्यांची झाकणं मी काउंटरवर ओळीने मांडली तेव्हा एकसारखी दोन निघेनात. एकात पाच मिली पाणी मावलं, दुसऱ्यात पंचवीस. शिवाय आमचं औषध पुडीत दाणेदार येतं, त्याला झाकणच नसतं.

उपाय सापडला तो एका रोजाने फवारणाऱ्या दादाच्या सवयीतून. तो पुडी आधी बादलीत थोड्या पाण्यात विरघळवून घ्यायचा आणि मग प्रत्येक पंपात अंदाजाने ओतायचा. त्याच्या रीतीतून अंदाज तेवढा काढायचा होता. भावाकडे शंभर मिलीच्या खुणेचे प्लास्टिकचे कप होते. बादलीत तेरा कप पाणी घ्यायचं, त्यात पूर्ण पुडी टाकायची, काडीने ढवळायची. मग एका पंपाला एक कप. भागाकार करायची गरजच नाही. साठ ग्रॅम हा आकडा पुडीवर छापलेला असतो आणि "तेरा" हा एकच आकडा ध्यानात ठेवायचा.

हे मी आधी घरी मिठावर करून पाहिलं. साठ ग्रॅम मीठ, तेरा कप पाणी. तेरा कप काढून झाल्यावरही बादलीच्या तळाशी दोन-तीन चमचे पाणी राहिलं, कारण मीठ विरघळलं तरी थोडी जागा खातंच. म्हणून एक वाक्य वाढलं: "तळाशी राहिलेलं शेवटच्या पंपात ओता." हे लिहिलं नसतं तर कोणीतरी ते बादलीतच सोडलं असतं आणि सांजीला त्याच बादलीत गुरांना पाणी पाजलं असतं. माझ्या पहिल्या मसुद्यात कपाच्या जागी "ग्लास" होता. तेव्हा वर्गात मागून आवाज आला, "घरचाच घ्यायचा का?" त्या दिवसापासून पुडीसोबत कप फुकट देणं भावाच्या गळ्यात पडलं. कपावर जाड पेनने "औषध" लिहून देतो तो.

कृषी सहायकांना मजकूर दाखवला. त्यांनी हिशोब मान्य केला आणि बजावलं की हे फक्त हाताच्या १५ लिटरच्या पंपापुरतं आहे. बॅटरीच्या पंपाची टाकी मोठी असते आणि पेट्रोलचा पंप कमी पाण्यात एकर संपवतो, त्यामुळे तेरा हा आकडा तिथे चालत नाही. पत्रकावर आता हाताच्या पंपाचं मोठं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, "तुमचा पंप दुसरा आहे? दुकानात विचारा." यापेक्षा सोपं मला करता आलं नाही. औषधाचं नावही सोपं होत नाही. ते जसंच्या तसं मोठ्या अक्षरात ठेवलं आणि शेजारी पुडीचा फोटो लावला.

यानंतर आलं "नये". मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला असतो, आणि हळू वाचणारा माणूस शेपटीपर्यंत जातोच असं नाही. जुन्या पत्रकात होतं, "वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये." मावशीने "फवारणी करू" इथपर्यंत वाचलं, दम घेतला आणि म्हणाली, "मंजे वाऱ्याकडं तोंड करून मारायचं." मी सांगितलं, तसं नाही, उलटं आहे. त्यावर ती चिडली. "मंग सिद्दं लिवा ना, वारा पाठीवर घ्या मनून!"

तिचंच वाक्य छापलं. त्याच्या आधी एक ओळ घातली: "चिमूटभर धूळ सोडा. धूळ जाईल तिकडे तोंड करा." मग सगळे नकार शोधून काढले आणि त्यांच्या जागी काय करायचं ते लिहिलं. "नोझल तोंडाने फुंकू नये" होतं, ते "नोझल अडलं? जुन्या ब्रशने साफ करा" झालं. "उपाशीपोटी फवारणी टाळावी" होतं, ते "आधी जेवा. हात धुवा. मग पंप उचला" झालं. चित्रांतही हाच घोळ होता. डीटीपीवाल्याने वाऱ्याकडे तोंड केलेल्या माणसाचं चित्र काढून त्यावर फुली मारली होती. बायांना फुलीच्या आधी माणूस दिसला. एकीला तर ती फुली दोरीने बांधलेला पंप वाटली. चुकीची चित्रं सगळीच काढून टाकली.

रंगाच्या त्रिकोणाने शेवटपर्यंत छळलं. प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन कोपऱ्यावर उभा छापलेला असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वर्गात विचारलं तर हिरव्याचा अर्थ सगळ्यांनी एकच सांगितला: "पिकाले चांगला." चूक त्यांची कशी म्हणू? बाकी सगळीकडे हिरवं म्हणजे बरंच असतं. "कमी विषारी" असं लिहिलं तर त्यातलं "कमी" तेवढं डोक्यात राहतं. म्हणून लिहिलं, "हिरवा पण विषच. साप लहान असला तरी साप."

आणि मग भावाने खर्च वाचवायला शंभर प्रती काळ्या-पांढऱ्या काढून आणल्या! चारही त्रिकोण एकसारखे काळपट. मी डोकं धरून बसले. वर्गातल्या बायांनीच पर्याय काढला. बाजारातून रंगीत टिकल्यांची पाकिटं आणली, लाल, पिवळी, निळी, हिरवी, आणि दोन संध्याकाळी बसून शंभर कागदांवर चारशे टिकल्या चिकटवल्या. चिकटवता चिकटवता प्रत्येकीने त्या चार ओळी किती वेळा वाचल्या असतील कोण जाणे. मी वर्गात तेवढा सराव कधीच करून घेतला नव्हता.

छापायच्या आधीच्या शेवटच्या वाचनात मावशीने अजून एक ओळ अडवली. "चक्कर आली, घाम आला, मळमळ झाली तर दवाखान्यात जा. पुडी सोबत न्या." पुडीवर औषधाचं नाव आणि विष उतरवण्याचा उपाय छापलेला असतो, डॉक्टरला तो लागतो, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "पुडी कुठं राह्यते ताई? धुऱ्यावर जाळून टाकतो आमी, औषध कालवलं की लगेच."

म्हणून त्याच्या वर आता एक ओळ आहे: "रिकामी पुडी उद्यापर्यंत जपून ठेवा. पोरांच्या हाताला लागेल अशी नको." यात शेवटी "नको" राहिलंय, मला माहीत आहे. "उंच जागी ठेवा" असं करायचं होतं, पण तोवर छपाई झाली होती.