एकाच वर्षाचे दोन आकडे

"एप्रिल २०१९ आणि जुलै २०१९, मग वर्षं वेगवेगळी कशी?" मैत्रिणीने फोनवर विचारलं.

तिच्या जपानी विद्यापीठाच्या अर्जात सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष मागितलंय. ३० एप्रिल २०१९पर्यंत हेइसेइ ३१, दुसऱ्या दिवसापासून नव्या सम्राटाचं रेइवा १. म्हणून तिची एप्रिलमधली नोकरी हेइसेइत, जुलैमधली पीएचडी रेइवात.

आपल्या सीव्हीत ताजं आधी येतं. तिथल्या रिरेकिशोत, म्हणजे जपानी सीव्हीत, शिक्षण आणि नोकरी जुन्यापासून, महिन्यासकट लिहितात, म्हणून सगळा क्रम उलटवला.

शोधनिबंधांची यादी वेगळ्या कागदावर केली. त्यात तज्ज्ञांनी तपासून छापलेले निबंध एकीकडे, परिषदांतली सादरीकरणं दुसरीकडे. तिचे दोन उत्तम निबंध इतके दिवस त्या गर्दीत दडले होते! वेगळे झाले तेव्हा मला फार बरं वाटलं.

आपण सगळं एकाच यादीत का कोंबतो?