आमची वाटचाल : सीरमची बाटली आणि उसळलेलं पाणी

पुण्यात प्रॉडक्ट फोटोग्राफीचा स्टुडिओ सुरू केला तेव्हा आमच्याकडे दोन जुने मोनोलाइट म्हणजे स्टुडिओचे मोठे फ्लॅश, एक सॉफ्टबॉक्स आणि भागीदाराने घरून आणलेलं एक लाकडी टेबल होतं. मसाल्याची पाकिटं, अगरबत्तीचे डबे, स्टीलची भांडी यांवर पहिली सात-आठ वर्षं नीट गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते सीरमच्या एका बाटलीबद्दल. तिच्यापायी स्टुडिओ बंद व्हायची वेळ आली होती, आणि आज आमचं नाव आहे तेही तशाच बाटल्यांमुळे.

काम साधं वाटत होतं. तीस मिलीची पारदर्शक काचेची बाटली, पांढरं ड्रॉपर झाकण, मागे फिका पीच रंग, बाटलीवर थेंब आणि पायथ्याशी उसळलेलं पाणी. प्रकाश मऊ हवा, म्हणून आम्ही मोनोलाइट अगदी कमी पॉवरवर लावले आणि पुढे ट्रेसिंग पेपर ताणला. बाटली सुरेख आली. पाणी मात्र प्रत्येक फ्रेममध्ये पुसट, लोकरीसारखं. शटरचा वेग वाढवून उपयोग नव्हता, कारण फ्लॅशसोबत शटर किती वेगाने चालेल याची, म्हणजे सिंकची मर्यादा १/१६० सेकंदाच्या आसपास आणि अंधाऱ्या खोलीत चित्र गोठवतो तो फ्लॅश, शटर नव्हे. मग पॉवर आणखी कमी केली. पाणी आणखी पुसट झालं.

चूक इथेच होती. स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश, पॉवर कमी केली की चमक मधेच तोडतो, त्यामुळे ती छोटी होत जाते. आमच्याकडच्या जुन्या पद्धतीच्या मोनोलाइटमध्ये मात्र पॉवर कमी करणं म्हणजे कपॅसिटरमधला व्होल्टेज उतरवणं, आणि त्यात चमक उलट लांबते. हिशेब करून पाहा. उडालेला थेंब सेकंदाला दोन मीटर वेगाने जातोय असं धरा. चमक सेकंदाचा पाचशेवा भाग टिकली, तर तेवढ्यात थेंब चार मिलिमीटर सरकतो. तीन मिलिमीटरचा थेंब सात मिलिमीटरची रेघ होतो. चमक दहा हजाराव्या भागाची असेल तर सरक उरते ०.२ मिलिमीटर. सगळा फरक एवढाच. आम्हाला तो कळेपर्यंत तीन आठवडे आणि आगाऊ घेतलेले पैसे संपले होते.

तेवढ्यात एका दुसऱ्या स्टुडिओने तेच काम निम्म्या दरात उचललं. बाटली कोरडी काढायची आणि तयार स्प्लॅशचं चित्र वरून चिकटवायचं, अशी त्यांची पद्धत. ग्राहकाला ते चाललं, याचं वाईट आजही वाटतं. कारण पाणी स्वतः रंगहीन असलं तरी मागे जे आहे तेच वळवून दाखवतं. पीच पार्श्वभूमीपुढे उसळलेल्या पाण्यात पीच रंग दिसलाच पाहिजे. चिकटवलेल्या पाण्यात राखाडी-निळी झाक होती, बाटलीवरची चमक डावीकडे आणि थेंबांवरची उजवीकडे. कोणत्याही जाहिरातीत हे दोनच पाहा, खोटं पाणी लगेच ओळखू येतं.

भागीदाराने तेव्हा चार जुने स्पीडलाइट गोळा केले. आजही आमचा सेट त्याच तत्त्वावर उभा आहे. चारही फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ पॉवरवर. चार मिळून प्रकाश एका फ्लॅशच्या पाव पॉवरएवढा होतो, पण चमक छोटीच राहते. टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्यानेच पॉवर ठरवायची सोय, चुकूनही ठेवू नये. त्यातली आधीची बारीक चमक पाहूनच ऑप्टिकल स्लेव्ह, म्हणजे दुसऱ्याची चमक पाहून उडणारे फ्लॅश, उडून जातात. ट्रेसिंगपासून फ्लॅश साधारण चाळीस सेंटिमीटर मागे असावेत. जवळ आणले तर काचेवर एक मऊ पट्टा येण्याऐवजी चार पांढरे ठिपके दिसतात, आणि प्रत्येक थेंबातही तेच चार ठिपके. मऊ प्रकाश जमलाय की नाही हे बाटलीपेक्षा थेंब लवकर सांगतो.

पार्श्वभूमीचा पेस्टल कागद आम्ही अप्पा बळवंत चौकातून आणतो आणि बाटलीपासून निदान पाऊण मीटर मागे लावतो, नाहीतर पांढऱ्या झाकणावर पीच झाक चढते. फिक्या रंगापुढे पारदर्शक काचेच्या आणि पाण्याच्या कडा विरघळतात. त्यासाठी काळ्या पुठ्ठ्याच्या दोन उभ्या पट्ट्या फ्रेमच्या अगदी बाहेर, दोन्ही बाजूंना उभ्या करायच्या. काच त्यांना कडेला ओढून घेते आणि बाटलीभोवती बारीक गडद रेघ उमटते. पाण्याच्या पडद्यालाही तशीच कड मिळते. ही रेघ नंतर संगणकावर काढता येत नाही असं नाही, पण ती काढलेली वाटते.

थेंबांसाठी केमिस्टकडचं ग्लिसरीन आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. नुसतं पाणी दिव्याखाली सुकतं आणि ओघळतं. बाटली आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, मग हातमोजे घातल्याशिवाय स्पर्श नको. बोटाचा ठसा जिथे असतो तिथे थेंब बाकीच्या काचेसारखे बसत नाहीत. फवारा तीस सेंटिमीटरवरून, दोन-तीनदाच. चौथ्यांदा मारायचा मोह होतो, आणि तेव्हाच शेजारचे थेंब मिसळून ओघळ खाली धावतो. ओघळ टिपून घेऊ नका, बाटली पूर्ण पुसून पुन्हा सुरुवात करा. मोठे चार-पाच थेंब इन्सुलिनच्या सिरिंजने, हवे तिथे एकेक ठेवायचे. कागदी लेबल असेल तर आधी मॅट व्हार्निशचा पातळ हात मारून वाळू द्या, नाहीतर ग्लिसरीन झिरपून डाग पडतो.

पाणी उसळवायला अ‍ॅक्रिलिकचा ट्रे, त्यात अडीच सेंटिमीटर पाणी आणि बाटली बुडणार नाही असा पारदर्शक ठोकळा. बाटलीमागे अर्ध्या मीटरवरून काचेची गोटी सोडतो. ती पडते तिथे तळाला रबराचा तुकडा असतो, नाहीतर ट्रे तडकतो. कॅमेरा एफ ११, आयएसओ ४००, फोकस बाटलीच्या लेबलवर कुलूपबंद, खोलीतले दिवे बंद. बाटली कोरडी, बाटली थेंबांसह आणि मग पाण्याच्या चाळीस-पन्नास फ्रेम, सगळ्या एकाच प्रकाशात. जोडकाम आम्हीही करतो, पण त्याच सेटवरचं पाणी त्याच बाटलीला जोडतो. विजेच्या वायरी जमिनीवर कधीच नाहीत, आणि बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी हवाच.

त्या पडत्या काळात आमच्याकडे राहिल्या त्या सातारा रस्त्यावर गुलाबपाणी आणि सीरम बनवणाऱ्या एक ताई. दर नव्या बॅचला तीन बाटल्या पाठवायच्या आणि चिठ्ठीत लिहायच्या, "घाई नाही, पण पाणी आपलंच हवं." निम्म्या दराचा निरोप त्यांनाही गेला होता, त्यांनी तो आम्हालाच वाचायला दिला. नव्या मुलांना एवढंच सांगेन की लाइट विकत घेताना वॅट विचारण्याआधी चमक किती वेळ टिकते ते विचारा, तेही पूर्ण पॉवरचं आणि सगळ्यात कमी पॉवरचं वेगवेगळं. आकडा टी०.५ असेल, म्हणजे चमक शिखराच्या निम्म्यावर उतरेपर्यंतचाच वेळ, तर दहा टक्क्यांपर्यंतचा टी०.१ सुद्धा मागा, कारण शेपटीची मंद चमक पहिल्यात धरलेली नसते आणि पाणी पुसट करते ती तीच. दुकानदार सांगू शकला नाही, तर पाण्याने भरलेली वाटी आणि एक गोटी घेऊन दुकानातच एक फ्रेम काढून पाहा.