आमची वाटचाल: पाकिटाच्या मागच्या आठ ओळी

आमचा बेदाण्याचा व्यवसाय नाशिकचा. शेड दिंडोरी तालुक्यात, पॅकिंग पंचवटीत. सुरुवातीची आठ-नऊ वर्षं सांगण्यासारखी नाहीत. माल होत गेला, विकला गेला. सांगायचं आहे ते एका पाकिटाबद्दल, त्याच्या मागच्या मजकुराबद्दल, कारण त्याच मजकुरानं आम्हाला जवळजवळ बुडवलं होतं.

पहिल्या पाकिटावर हे छापलं होतं: «शंभर टक्के नैसर्गिक. रसायनमुक्त. आजीच्या पद्धतीनं आमच्याच बागेत वाळवलेला अस्सल बेदाणा.» डिझाइन करणाऱ्या चुलतभावानं बाजारातली दहा पाकिटं समोर ठेवून लिहिलं होतं आणि दहाही पाकिटांवर साधारण हेच होतं. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या आज्या एकदमच धंद्यात उतरल्या होत्या, त्यात आमची एक. आमची आजी कांदा लावायची. बेदाणा तिनं केलाच नव्हता.

ज्यांनी शेड पाहिलं आहे त्यांना या तीन वाक्यांत काय चुकलं ते लगेच कळेल. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे आतलं पाणी सुटत नाही. म्हणून घड आधी द्रावणात बुडवतात: एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. दोन ते चार मिनिटांत मेणाची घडी मोडते आणि सावलीतल्या जाळीवर पंधरा दिवसांच्या आसपास माल उतरतो. बुडवलं नाही तर दुपटीहून जास्त दिवस लागतात आणि तेवढ्यात बुरशी शिरते. त्यावर हिरवा-पिवळा रंग टिकवायचा तर गंधकाची धुरी लागते. हे सगळं करून पाकिटावर «रसायनमुक्त» लिहायचं, आणि जाळ्यांवर पसरलेल्या मालाचा फोटोही टाकायचा! पिवळा रंगच सांगतो की धुरी दिली आहे.

2021 च्या दिवाळीआधी एका ठोक खरेदीदारानं 15 किलोच्या चाळीस पेट्या परत पाठवल्या. कोणा गिऱ्हाइकाला बेदाणे खाऊन धाप लागली होती, त्यानं प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली आणि सल्फाइट निघालं. गंधकाची धुरी दिली की सल्फाइट निघणारच. दम्याच्या काही रुग्णांना ते सोसत नाही, हे या धंद्यात नवं नाही. भरपाईची मागणी आली ती सल्फाइटसाठी नव्हे, «नाही» असं छापल्याबद्दल. त्या आठवड्यात एका स्पर्धकानं तो अहवाल व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरवला. त्याच्याही पाकिटावर तेव्हा «केमिकल फ्री» होतं, आणि त्याच्या शेडमध्ये गंधकाची पोती आम्ही स्वतः पाहिली होती. ही खदखद अजून गेलेली नाही, लपवण्यात अर्थ नाही. पण अहवाल खोटा नव्हता. उरलेली नऊ हजार पाकिटं रद्दीत घातली. पट्टी चिकटवून वापरा, असा सल्ला मिळाला. पट्टी चिकटवली की गिऱ्हाईक नखानं खरवडून खाली काय आहे ते आधी वाचतं.

नवा मजकूर लिहायला दोन महिने लागले. काम वहीत केलं. पानाला तीन रकाने: वाक्य, त्याचा पुरावा, आणि हे वाक्य खोटं कोण पाडू शकेल. तिसरा रकाना सगळ्यांत कामाचा. «आमच्याच बागेतला» या वाक्यासमोर तिथं पहिलं नाव आलं ते आमच्या क्रेट वाहणाऱ्या टेम्पोचालकाचं, कारण बाहेरची किती द्राक्षं येतात ते त्याला माहीत. एक किलो बेदाण्याला चार-साडेचार किलो द्राक्षं लागतात. तीन एकरांतून आमची पाकिटं भरत नाहीत, हे कागदावर मांडलं की कोणालाही दिसतं. वाक्य बदललं: निम्मी आमची, बाकीची शेजारच्या चार बागांची.

«नैसर्गिक», «शुद्ध», «पारंपरिक», «अस्सल» हे शब्द तर हवे तसे वापरताच येत नाहीत. खाद्यपदार्थांच्या जाहिरात आणि दाव्यांबद्दलच्या 2018 च्या नियमांत त्यांच्यावर अटी आहेत. ज्यात काहीच मिसळलेलं नाही अशा पदार्थालाच नैसर्गिक म्हणता येतं. «होम मेड» हा शब्दही दिशाभूल करणारा म्हणून टाळायचा आहे. «घरगुती»चं आमचं तेव्हाच संपलं, कारण शेड घर नाही. आणि सल्फाइट किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ते अ‍ॅलर्जीच्या सूचनेत लिहावंच लागतं. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात कायद्यानं «सल्फाइट आहे» आणि दुसऱ्या कोपऱ्यात कहाणीनं «रसायनमुक्त», असं पाकीट दुकानात आजही सापडतं. आधी कायद्याच्या ओळी लिहायच्या, मग त्यांना न खोडणारी गोष्ट.

शेवटी छापलं ते असं:

«आमची द्राक्षं दिंडोरी तालुक्यातली. निम्मी आमच्या तीन एकरांतली, बाकीची शेजारच्या चार बागांतली. घड तोडल्यावर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतो, म्हणजे लवकर वाळतात. मग सावलीत जाळीवर दोन आठवडे. हिरवा-पिवळा रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतो, त्यामुळे यात सल्फाइट आहे. दम्याचा त्रास असेल तर धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा मागा. खाण्याआधी धुऊन घ्या.»

दुकानदारांनी डोक्याला हात लावला. गंधक छापल्यावर कोण घेणार? पहिल्या हंगामात खप खरंच उतरला. पण तपकिरी बेदाणा, जो आधी आम्ही दुय्यम म्हणून मिठाईवाल्याला द्यायचो, तो पाकिटात मागितला जाऊ लागला. मागणी आली ती त्या सहाव्या वाक्यामुळे. गंगापूर रोडच्या एक मावशी पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक, त्यांनी फोन करून विचारलं, «अहो, धुवायचं होतं तर इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?» उत्तर नव्हतं.

छपाईची गोष्ट इथंच सांगून टाकू, कारण मजकूर ठरवताना तिचा विचार कोणी करत नाही. लॅमिनेटेड पाकीट मोठ्या संख्येनं ग्रॅव्ह्यूरवर छापतात आणि त्यात दर रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. कहाणी रंगीत चौकटीत पांढऱ्या अक्षरांत टाकली की एक शब्द बदलायलासुद्धा त्या चौकटीचे सगळे सिलिंडर नवे करावे लागतात. सगळा मजकूर एकाच रंगात, काळ्यात, मोकळ्या जागेवर ठेवला तर बदलाला एकच सिलिंडर पुरतो. उलट्या पांढऱ्या अक्षरांत आणखी एक त्रास: शाई पसरून «द्र», «क्ष», रफार भरून जातात आणि «द्राक्ष» नीट वाचता येत नाही. आमच्या 200 ग्रॅमच्या पाकिटावर बंधनकारक माहिती टाकल्यावर कहाणीला तळहाताएवढी जागा उरते. साठ शब्दांच्या आसपासच तिथं वाचनीय बसतात, ओळींमध्ये मात्रांना अंतर सोडून. चुलतभावानं आधी एकशे चाळीस शब्द दिले होते. त्यांतले ऐंशी «ध्यास», «वारसा» आणि «निसर्गाची किमया» यांतच संपले होते.

जे दरवर्षी बदलतं ते सिलिंडरवर घालू नये. तोडणीचा महिना, पावसाचं नुकसान, त्या वर्षीचा गोडवा, हे सगळं लॉट नंबरच्या स्टिकरवर आणि सोशल पेजवर. दर लॉटचे पाच फोटो काढायचा शिरस्ता आम्ही ठेवला आहे. पहिला द्राक्षाची गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा, काचेतून दिसणारी निळी रेघ 22 ते 24 ब्रिक्सच्या मध्ये असलेला. त्याखाली माल तोडला तर बेदाणा पातळ पडतो. दुसरा द्रावणाच्या टाकीचा. उरलेले तीन जाळीच्या एकाच कोपऱ्याचे, पहिल्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. कोपरा तोच हवा, म्हणून तिथं दोरीला लाल फडकं बांधलं आहे. वेगवेगळ्या जागांचे सुंदर फोटो टाकले तर ते कुठलेही असू शकतात. फडकं मात्र तिन्ही फोटोंत दिसतं, आणि त्याच्यामागचे हिरवे मणी आक्रसत गेलेले.

नेटवरून घेतलेला फोटो नाशिकमध्ये तर चालतच नाही. आम्ही एकदा टाकला होता. तासाभरात निफाडच्या एका बागायतदारानं खाली लिहिलं, «दादा, ही बाग वाय पद्धतीची नाही, मांडवही नाही, आपल्याकडची वाटत नाही.» बरोबर होतं, परदेशातली बाग होती. फोटो काढून टाकायचा मोह झाला. तो ठेवला आणि खाली लिहिलं की नेटवरून घेतला होता, चूक झाली, आमचा फोटो पुढच्या पोस्टमध्ये. «गंधक आहे का?» असं कोणी विचारलं की उत्तर दोन ओळींत, लॉट नंबर आणि त्या लॉटच्या तपासणी अहवालाच्या फोटोसह. प्रश्न पुसायचा नाही. पुसलेल्या प्रश्नाचा स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी कुठून तरी फिरतोच, हे त्या अहवालानं शिकवलं होतं.

नव्यानं धंद्यात येणाऱ्यांना, विचारलं नसलं तरी, एवढं सांगतो. इन्स्टाग्रामच्या ओळखीत 150 अक्षरं बसतात, आणि मराठीत काना-मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. «द्राक्ष» दिसायला दोन अक्षरं, मोजायला सात. तिथं ध्यास बसत नाही. गाव, माल, आणि त्यात काय आहे, एवढंच बसतं. मालकाचा फोटो टाकायचा तर शेडमधला टाका, स्टुडिओतला कोट घातलेला नको. आणि «नाशिकची द्राक्षं» या भौगोलिक मानांकनाचं चिन्ह छापायच्या आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी आहे का ते बघा. नुसतं नाशिकमध्ये राहून तो हक्क मिळत नाही.

अवकाळीनं एका वर्षी जाळीवरचा निम्मा माल काळवंडला. तेव्हा पेजवर तोच कोपरा, तेच फडकं, आणि खाली काळे मणी, असा फोटो टाकला, भाव उतरवला आणि «शिऱ्याला, खिरीला चालेल» असं लिहिलं. मावशींनी पाच किलो नेला.

सध्या कटकट एका शब्दाची आहे. शेजारच्या चार बागांपैकी एकानं द्राक्ष काढून टोमॅटो लावला, दोन नव्या बागा जोडल्या, म्हणजे आता पाच झाल्या. पाकीट म्हणतंय «चार». काळ्याचा सिलिंडर नवा करायला टाकला आहे, त्यावर फक्त «शेजारच्या बागांतली» असेल, आकडा स्टिकरवर. तो येईपर्यंतच्या पाकिटांवर हातानं चारचे पाच करतोय, बॉलपेननं, प्लॅस्टिकवर घासून.