ऑटोमाटाचा पेपर, सहा आठवडे आणि तुरीचे दाणे

सेशनलमध्ये पंपिंग लेमाच्या प्रश्नाला मला दहापैकी दोन मिळाले. उत्तर पानभर लिहिलं होतं. सरांनी लाल पेनानं बाजूला दोनच शब्द लिहिले होते: ‘हेच का?’

विंटर परीक्षेला सहा आठवडे होते. घरी कापसाची वेचणी लागली होती, म्हणून गावी आलो. दिवसा वावरात, रात्री लाइन असेल तेवढा वेळ टीओसी, म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. आकृत्या मला जमायच्या, पण ‘सिद्ध करा’ दिसलं की हात थांबायचा.

पहिला आठवडा फक्त डीएफएला दिला, म्हणजे एकेक अक्षर वाचत स्टेट बदलणाऱ्या मशीनला. नवीन एवढंच केलं, की प्रत्येक स्टेटखाली एक ओळ लिहायची: इथं आलो, तर आतापर्यंत काय वाचून झालंय? शेवटी `ab` येणाऱ्या स्ट्रिंग ओळखायच्या असतील, तर `q1` म्हणजे ‘शेवटचं अक्षर a’, `q2` म्हणजे ‘शेवट ab’, आणि `q0` म्हणजे ‘या दोन्हींपैकी काही नाही’. मग सहाही बाण तपासायचे. `q2` वर `b` आला तर शेवट `bb` होतो, म्हणजे `q0`. ओळ खरी राहिली. सुरुवातीला रिकामी स्ट्रिंग, तीही `q0` मध्ये बसते. सहा बाण तपासून झाले आणि लक्षात आलं, की ज्या इंडक्शनला मी दोन वर्षं घाबरत होतो ते हेच.

दुसरा आठवडा एनएफएवरून डीएफए करण्यात गेला. ते यांत्रिक काम आहे, मार्क हमखास. फक्त सुरुवातीच्या स्टेटचं एप्सिलॉन क्लोजर मी दर वेळी विसरायचो.

तिसरा आणि चौथा आठवडा, दोन्ही पंपिंग लेमाला. जास्त वाटतील, पण माझं खरं दुखणं तिथंच होतं. लेमा म्हणतो, की भाषा रेग्युलर असेल, म्हणजे तिला ओळखणारा डीएफए असेल, तर एक आकडा `p` असतो; तेवढी किंवा त्याहून लांब स्ट्रिंग `x`, `y`, `z` अशी तोडता येते, आणि `y` कितीही वेळा ठेवला तरी ती भाषेतच राहते. `a^n b^n` रेग्युलर नाही हे दाखवताना सेशनलमध्ये मी लिहिलं होतं: ‘समजा x = a, y = a, बाकी सगळं z.’

एका रात्री लाइन गेली. कंदिलाजवळ धाकट्याला बसवलं. तुरीचे दाणे म्हणजे `a`, हरभरे म्हणजे `b`. त्यानं `p` सांगितला, चार. मी चार तुरी आणि चार हरभरे ओळीनं मांडले, आणि सवयीनं मीच ओळ तोडायला लागलो. तो म्हणाला, “तू काहून तोडतं दादा? तोडाची पाळी माही हाय.”

सरांचा ‘हेच का?’ तेव्हा कळला. `p` समोरचा सांगतो, स्ट्रिंग मी निवडतो, तुकडे तो पाडतो, आणि `y` किती वेळा ठेवायचा ते परत मी ठरवतो. म्हणजे त्याच्या प्रत्येक तोडीवर मला जिंकता आलं पाहिजे; मी सोयीची एक तोड घेऊन भागत नाही. त्याच्यावर बंधनं दोनच: `xy` ची लांबी `p` पेक्षा जास्त नको आणि `y` रिकामा नको. पहिले चारही दाणे तुरीचेच, म्हणून त्यानं कसंही तोडलं तरी `y` मध्ये तूरच येणार. `y` दुप्पट केला की तुरी वाढतात, हरभरे तेवढेच राहतात.

दुसऱ्या दिवशी ‘`a` ची संख्या सम’ ही भाषा घेतली, आणि त्यानं मला दर वेळी हरवलं. तो `y` म्हणून दोन तुरी उचलायचा. काढा नाहीतर वाढवा, संख्या समच. भाषा रेग्युलर आहे, हरणारच होतो. पण उलटं धरायचं नाही: लेमा लागू पडला म्हणून भाषा रेग्युलर ठरत नाही. त्यासाठी डीएफए काढूनच दाखवावा लागतो.

पाचव्या आठवड्यात ग्रामर आणि पीडीए. तिथल्या लेमात तुकडे पाच, पण खेळ तोच. मधले तीन मिळून `p` पेक्षा मोठे नसतात, म्हणून `a^p b^p c^p` मध्ये तिन्ही अक्षरांना एकदम हात लागत नाही.

सहावा आठवडा ट्युरिंग मशीन आणि जुन्या पेपरांचा. हॉल्टिंग प्रॉब्लेमची सिद्धता रोज एकदा पुस्तक मिटून लिहिली. तेवढीच पाठ केली, कबूल आहे.

पेपरात भाषा आली `ww`. पहिल्यांदा हात `a^p a^p` कडेच गेला. मग धाकटा दोन तुरी उचलताना दिसला: अशी स्ट्रिंग दिली तर तो सम `y` घेऊन सुटणार. खोडून `a^p b a^p b` लिहिली. आता `y` मध्ये पहिल्या `b` च्या आधीचे `a` च. दुप्पट केल्यावर स्ट्रिंगमध्ये `b` दोनच, दुसरा अगदी शेवटी. म्हणून दोन सारखे भाग पाडायचे तर पहिला भाग पहिल्या `b` लाच संपला पाहिजे. पण तिथे `a` जास्त, पुढच्या भागात कमी. आणि खाली वेगळी ओळ लिहिली: ‘`y` कोणताही घेतला तरी.’