गंबोरोची लस आणि सरासरीचा तो एक आकडा: माझा अनुभव

पिल्लांच्या वयाच्या तिसऱ्या दिवशी रक्ताचे 20 नमुने प्रयोगशाळेत दिले आणि बाराव्या दिवशी एक ओळीचा रिपोर्ट हातात पडला: 'आयबीडी सरासरी टायटर 2500'. आयबीडी म्हणजे गंबोरो, कोंबडीच्या पिल्लांचा विषाणूजन्य रोग, आणि टायटर म्हणजे रक्तातल्या त्याच्या अँटिबॉडीचं माप. बाकी काहीच नाही. वीस पिल्लांचं रक्त काढायचं, सीरम वेगळं करायचं, बर्फावर नेऊन द्यायचं, आणि बदल्यात मिळणार एक आकडा. त्या आकड्यावरून काढलेल्या दिवशी लस दिली आणि तरीही 5000 ब्रॉयलरच्या शेडमध्ये गंबोरो आला. चूक कुठे झाली हे शोधायला मला दोन आठवडे लागले. ते इथे सविस्तर लिहितो, कारण हीच चूक दुसरीकडेही होताना दिसते.

पिल्लाला आईकडून, अंड्यातल्या बलकातून, अँटिबॉडी मिळतात. त्या पहिले काही दिवस पिल्लाला वाचवतात, पण त्याच अँटिबॉडी लसीतला जिवंत विषाणूही मारतात. म्हणून लस फार लवकर दिली तर ती वाया जाते, आणि उशीर झाला तर पिल्लू उघडं पडून शेडमधला विषाणू आधी पोचतो. टायटर किती खाली आल्यावर लस 'लागते' हे लसीच्या ताकदीवर ठरतं. एलिसा या अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीत साधारणपणे मध्यम ताकदीच्या इंटरमीडिएट लसीसाठी 125 आणि त्याहून ताकदवान इंटरमीडिएट प्लससाठी 500 धरतात. हे आकडे किटप्रमाणे आणि लसीप्रमाणे बदलतात, म्हणून लसीच्या कंपनीकडून त्याच किटचा आकडा मागून घ्यावा.

टायटर उतरतं ते निम्म्या-निम्म्याने. ब्रॉयलरमध्ये साधारण दर तीन दिवसांनी ते अर्धं होतं. लेअरची पिल्लं हळू वाढतात, त्यामुळे त्यांच्यात याला पाच-साडेपाच दिवस लागतात, म्हणजे ब्रॉयलरचा हिशोब लेअरला लावायचा नाही. आणखी एक गोष्ट: पोटातला बलक शोषला जात असतो तोवर, म्हणजे पहिले चार दिवस, टायटर जवळपास उतरत नाही. म्हणून रक्त तिसऱ्या दिवशी घेतलं असलं तरी घसरण चौथ्या दिवसापासून मोजायची. लसीचा दिवस काढायचं डेव्हेंटर सूत्र म्हणतात ते हेच, फक्त लॉगॅरिदमच्या भाषेत.

आता 2500 घेऊन पाहा. चौथ्या दिवशी 2500, सातव्या दिवशी 1250, दहाव्याला 625, तेराव्याला 312, सोळाव्याला 156, आणि सतराव्या दिवशी 125 च्या आसपास. इंटरमीडिएट लस सतराव्या दिवशी. मी तेच केलं. नळ्या आदल्या दिवशी धुतल्या, क्लोरिन बंद ठेवलं, लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर टाकली, रंग घातला आणि दोन तासांत पाणी संपवलं. नंतर चोची उघडून पाहिलं तर शंभरातल्या पंच्याण्णव जिभा निळ्या. त्यामुळे लस पिल्लांच्या पोटात गेली नाही, अशी शंका घ्यायला जागा नव्हती.

पंचविसाव्या दिवशी 14 पिल्लं मेली. दुसऱ्या दिवशी 61, मग 118, मग 92, 30 आणि 9. सहा दिवसांत 324, म्हणजे साडेसहा टक्के. मर अशी झपकन चढली आणि तितक्याच झपकन उतरली की गंबोरोच आठवावा. पण चढण पाहून निदान करायचं नसतं, पक्षी उघडावा लागतो.

इथे एक सूचना आधीच देतो, कारण पहिल्या दिवशी मीही हे चुकलो. मेलेली पिल्लं उघडू नका, नुकती गळालेली, पंख सोडून बसलेली जिवंत पिल्लं घ्या. गंबोरोचा विषाणू ज्या अवयवावर हल्ला करतो ती बर्सा मेलेल्या पक्ष्यात लवकर सडते आणि रंगावरून काही सांगता येत नाही. पाच आजारी आणि दोन-तीन ठणठणीत दिसणारी अशी सोबतच उघडावीत. तुलनेशिवाय 'बर्सा सुजली आहे' या वाक्याला अर्थ नाही.

बर्सा गुदद्वाराच्या आत, क्लोआकाच्या वरच्या अंगाला, पाठीच्या बाजूला असते. पक्षी उताणा ठेवून आतडी बाजूला केली की मण्यासारखी गोल गाठ सापडते. आजारी पाचांमध्ये ती जवळपास दुप्पट झाली होती, वर पिवळसर जेलीसारखा थर होता आणि एरवी पुसट दिसणाऱ्या लांबट रेघा ठळक उठल्या होत्या. चिरल्यावर दोघांत घड्यांवर रक्ताचे ठिपके, एकात जवळपास सगळी बर्सा जांभळी. तिघांच्या मांडीच्या स्नायूंवर रक्ताच्या रेघा, आणि एकात प्रोव्हेंट्रिक्युलस म्हणजे पुढचं जठर व गिझर्ड म्हणजे दळणारं जठर यांच्या सांध्यावर लाल पट्टा. प्रोव्हेंट्रिक्युलसमध्ये रक्त दिसलं की बरेच जण राणीखेत म्हणतात. पण राणीखेतमध्ये बर्सा अशी जेलीत बुडलेली नसते, म्हणून आधी बर्सा पाहायची. मूत्रपिंडं फुगलेली आणि पांढुरकी होती, पण ती पाणी न पिण्यानेही तशी होतात, त्यावर निदान टांगू नये.

बर्सा कोणत्या दिवशी पाहता यावर सगळं आहे. संसर्ग झाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती सर्वांत मोठी असते, पाचव्याला पुन्हा नेहमीच्या वजनावर येते आणि आठव्यापर्यंत मूळच्या एक-तृतीयांश उरते. पाचव्या दिवशी उघडलेल्या पक्ष्यात बर्सा 'नॉर्मल' आकाराची दिसते आणि गंबोरो नाही असा शेरा पडतो! सुकलेली बर्सा ओळखायची तर प्लीहा शेजारी ठेवा. चार आठवड्यांच्या आतल्या निरोगी पिल्लात बर्सा प्लीहेपेक्षा मोठी असते. ती लहान आणि राखाडी दिसली तर अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी गेल्या, आणि पुढच्या राणीखेतच्या लसीला असं पिल्लू नीट प्रतिसाद देणार नाही. ताकदवान गंबोरो लसीनेही बर्सा काही काळ लहान होते, पण रक्तस्राव आणि जेली लसीने येत नाही.

अर्ध्या बर्सा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, ऊतीच्या दसपट द्रावात, आणि उरलेल्या बर्फावर पीसीआरसाठी दिल्या. फॉर्मेलिनच्या नमुन्यांना फ्रीझर दाखवू नका, पेशी फाटतात. निकाल गंबोरोच आला.

मग प्रश्न उरला: लस का लागली नाही? उत्तर त्या 2500 मध्ये दडलं होतं, आणि ते बाहेर काढायला मला प्रयोगशाळेच्या तीन फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्या फेरीत सांगितलं की रिपोर्ट 'फॉरमॅटप्रमाणे'च दिला आहे. दुसऱ्या फेरीत, अर्ज लिहून द्या. अर्जात पिल्लांचं वय लिहायची जागा नव्हती, ब्रीडर कळपाचा, म्हणजे पिल्लांच्या आयांच्या कळपाचा, नंबर लिहायची जागा नव्हती, होती फक्त नमुन्यांची संख्या. मला आजही चीड येते ती याचीच. वयाशिवाय टायटर वाचता येत नाही आणि नमुने एकाच कळपातल्या पिल्लांचे आहेत का हे कळल्याशिवाय सरासरी काढायला अर्थ नाही, आणि हे दोन्ही प्रश्न त्या कागदावर कोणी विचारतच नव्हतं. तिसऱ्या फेरीत मशीनवरची छापील यादी मिळाली, वीस ओळींची.

ती यादी पाहायला एक मिनिट पुरलं. दहा नमुने 700 ते 1300 मध्ये, सरासरी 1000. दहा नमुने 3300 ते 5200 मध्ये, सरासरी 4000. मधे कोणीच नाही. 2500 टायटरचं पिल्लू माझ्या शेडमध्ये एकही नव्हतं! हॅचरीच्या चलनावर दोन ब्रीडर कोड होते. दाराकडच्या जाळीत एका कोडची 2500 पिल्लं, मागच्या बाजूला दुसऱ्या कोडची. जाळी नंतरही काढली नव्हती आणि रक्त दोन्ही बाजूंनी दहा-दहा घेतलं होतं. मर जवळपास सगळी मागच्या बाजूला होती.

आता तोच हिशोब दोनदा करा. 1000 वाली पिल्लं तेराव्या दिवशी 125 वर आली, सतराव्याची लस त्यांना लागली, पण चार दिवस ती उघडी होती. मागच्या बाजूची 4000 वाली सतराव्या दिवशी अजून 200 च्या आसपास होती, म्हणून त्यांच्यात लस मारली गेली. एकोणिसाव्याला ती 125 वर आली आणि बावीस-तेविसाव्या दिवशी शेडमधल्या विषाणूला सापडली. तिथून दोन-तीन दिवसांत मर सुरू, म्हणजे पंचविसावा दिवस. आकडे असे जुळल्यावर लस खराब होती, थंड साखळी तुटली, वगैरे शोध मी थांबवला.

टायटरचा विखुरलेपणा दाखवणारा सीव्ही रिपोर्टवर असता तरी पुरलं असतं. एका कळपाच्या पिल्लांत तो साधारण 30-40 टक्के असतो, माझ्या यादीवर काढला तर 60 च्या वर गेला. एवढा सीव्ही दिसला की एकाच दिवशी एकच लस देऊन सगळ्यांना गाठता येत नाही, आठवड्याच्या अंतराने दोनदा द्यावी लागते.

पुढच्या बॅचला हॅचरीकडे एकाच ब्रीडर कळपाची पिल्लं मागितली. नमुन्यांच्या कागदावर कोऱ्या जागेत स्वतः लिहिलं: वय 3 दिवस, ब्रीडर कोड, प्रत्येक नमुन्याचं टायटर हवं, सीव्ही हवा, रिपोर्ट नवव्या दिवसाच्या आत. आठव्या दिवशी मिळाला. टायटर चढत्या क्रमाने लावून वीसपैकी पंधरावं पिल्लू धरलं, म्हणजे लसीच्या दिवशी तीन-चतुर्थांश पिल्लं तयार असतील. सगळ्यांत वरच्या पिल्लासाठी थांबलो तर खालची फार दिवस उघडी राहतात. ते पंधरावं पिल्लू निघालं 4000 चं. इंटरमीडिएट लसीसाठी एकोणिसाव्या दिवसापर्यंत थांबावं लागलं असतं, आणि शेडमध्ये विषाणू महिनोन् महिने टिकतो हे माहीत असताना ते परवडणारं नव्हतं. म्हणून इंटरमीडिएट प्लस निवडली: 4000, 2000, 1000, 500, म्हणजे तेरावा दिवस. कमी टायटरच्या पिल्लांना मात्र ही लस सातव्या दिवशी द्यायचा मोह टाळा, इतक्या कोवळ्या बर्साला ती स्वतःच इजा करते.

अठ्ठाविसाव्या दिवशी सहा पिल्लं उघडली. बर्सा थोड्या लहान, पण क्रीम रंगाच्या, आतल्या घड्या स्वच्छ, जेली कुठेच नाही, आणि सहाही प्लीहेपेक्षा मोठ्या. सीरमच्या दुसऱ्या नळ्या या वेळी मी गोठवून ठेवल्या आहेत. काही बिघडलं तर परत तपासायला तेच लागतं, आणि मागच्या वेळी तेच हाताशी नव्हतं.