एक खाते, चार माणसे आणि सरमिसळ झालेली मेमरी

आमच्या घरात एआय चॅटबॉटचे एकच सशुल्क खाते होते आणि ते माझ्या नावावर होते. मी भाषांतराचे काम करते, त्यासाठी ते घेतले होते. पुढे माझे पती त्यावर कार्यालयाची पत्रे लिहू लागले, सोळा वर्षांच्या मुलीने अभ्यासासाठी आणि धावण्याच्या सरावासाठी त्याचा आधार घेतला, आणि गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो, व्यायामाविषयी त्यावर वाचू लागले. खाते घेतल्यापासून सात-आठ महिने हे सुरळीत चालले आहे असे आम्हाला वाटत होते.

शस्त्रक्रियेनंतरच्या सातव्या आठवड्यात बाबांनी चॅटबॉटने तयार केलेले आठवडाभराच्या व्यायामाचे एक वेळापत्रक छापून घेतले. फिजिओथेरपिस्टने त्यांना टाच सरकवणे, पाय सरळ ठेवून उचलणे आणि मांडीचे स्नायू आवळून धरणे एवढेच सांगितले होते. छापलेल्या कागदावर हे तिन्ही व्यायाम होते, परंतु गुरुवारच्या रकान्यात जागेवरच्या उड्यांच्या तीन फेऱ्या आणि शनिवारी चढावरची धावही होती. बाबा शिस्तीचे असल्यामुळे त्यांनी गुरुवारी सकाळी मला बोलावून विचारले, “अगं, या उड्या भिंतीला धरून मारायच्या की तशाच?” त्यांनी विचारले म्हणून अनर्थ टळला. कृत्रिम सांध्यावर असा आघात करायचा नसतो, हे मला ठाऊक होते. पण कागदाची मांडणी इतकी नीटनेटकी होती की, शंका येण्यासारखे त्यांना त्यात काहीच दिसले नव्हते.

त्या दिवशी मी मुलीचेही वेळापत्रक मागवून पाहिले. ती दहा किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करत होती आणि गेले तीन आठवडे तिला मिळणारा सराव फारच सौम्य होता. सलग धाव दोन किलोमीटरच्या पुढे जात नव्हती, आणि दर दोन दिवसांनी गुडघ्याला विश्रांती दिली होती. तिला त्यात काही वावगे वाटले नव्हते, कारण सौम्य सराव हा चुकीचा सराव आहे असे वरवर दिसत नाही. आजोबांच्या कागदातली चूक ढळढळीत होती म्हणून ती सापडली. नातीच्या कागदातली चूक पटण्याजोगी होती म्हणून ती तीन आठवडे तशीच राहिली. घरातल्या घरात खाते वापरणाऱ्यांनी या दुसऱ्या प्रकाराची अधिक धास्ती बाळगली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे का झाले ते समजून घेण्यासाठी मी सेटिंग्जमधील Personalization या विभागात गेले आणि Manage memories, म्हणजे चॅटबॉटने वापरकर्त्याविषयी लक्षात ठेवलेल्या गोष्टींची यादी, उघडली. तेथे त्रेचाळीस नोंदी होत्या. रात्री आम्ही चौघे एकत्र बसलो आणि प्रत्येक नोंद मोठ्याने वाचून ती कोणाची हे कागदावर लिहीत गेलो. अकरा बाबांच्या, चौदा मुलीच्या, नऊ माझ्या आणि चार माझ्या पतींच्या निघाल्या. उरलेल्या पाच कोणाच्याच नव्हत्या, किंवा एकाहून अधिक जणांच्या होत्या. त्यातली एक नोंद अशा अर्थाची होती की, वापरकर्त्याची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असून तो दहा किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करत आहे. दुसऱ्या एका नोंदीप्रमाणे वापरकर्ता व्यावसायिक भाषांतरकार होता आणि त्याला दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा सोप्या भाषेतली उत्तरे आवडत होती. गेल्या काही महिन्यांत माझ्या कामाचे मसुदे उगाच बाळबोध का येऊ लागले होते, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

मूळ कारण त्या ‘वापरकर्ता’ या एका शब्दात आहे. या प्रणालीच्या लेखी एका खात्यामागे एकच माणूस असतो. आत्ता कोण टंकलेखन करत आहे हे तिला कळण्याची सोय नाही, त्यामुळे चार जणांनी सांगितलेल्या गोष्टींमध्ये तिला विरोध दिसत नाही; ती त्या एकाच माणसाच्या निरनिराळ्या बाजू समजून जुळवून घेते. शस्त्रक्रिया झालेला माणूस शर्यतीची तयारी करत असेल, तर तो जिद्दीने बरा होणारा धावपटू आहे असा सुसंगत अर्थ लागतो, आणि पुढची सगळी उत्तरे त्या कधीच अस्तित्वात नसलेल्या धावपटूसाठी तयार होतात.

आणखी एक गोष्ट त्या रात्री घडली. यादीत मुलीच्या एका खासगी काळजीची नोंद होती आणि बाबांच्या झोपेच्या गोळ्यांचीही होती. दोघांनीही त्या गोष्टी घरात कोणाला सांगितलेल्या नव्हत्या. मुलगी वाचता वाचता थांबली तेव्हा आम्ही ती नोंद पुढे वाचली नाही. चौघांनी एकत्र यादी वाचायला बसण्यापूर्वी प्रत्येकाला एकट्याने ती पाहू द्यायला हवी होती. असे काम करायला घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा क्रम पाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिला उपाय म्हणून मी त्या पाच मिश्र नोंदी काढून टाकल्या. दोनच दिवसांत बाबांच्या उत्तरांत पुन्हा धावण्याचा उल्लेख आला. आम्ही वापरत असलेल्या प्रणालीत आठवणीचे दोन थर आहेत, हे मला तेव्हा नीट समजले. एक थर म्हणजे यादीत दिसणाऱ्या जतन केलेल्या नोंदी, आणि दुसरा थर म्हणजे जुन्या संवादांतून घेतला जाणारा संदर्भ, जो यादीत ओळीओळीने दिसत नाही. नोंद पुसली तरी ती ज्या संवादातून आली तो संवाद शिल्लक असतो. उलट संवाद पुसला तरी त्यातून जतन झालेली नोंद आपोआप जात नाही. म्हणजे एखादी गोष्ट खरोखर विसरायला लावायची असेल, तर दोन्ही ठिकाणी जाऊन ती काढावी लागते. त्रेचाळीस नोंदी आणि कित्येक महिन्यांचे संवाद यांच्या बाबतीत ते व्यवहार्य नव्हते.

दुसरा उपाय पतींनी सुचवला: प्रत्येकाने संवादाच्या सुरुवातीला आपली ओळख लिहावी. त्याचा उपयोग झाला, परंतु तो त्या संवादापुरताच. नव्या नोंदी ‘वापरकर्त्याचे सासरे’, ‘वापरकर्त्याची मुलगी’ अशा होऊ लागल्या, ही सुधारणाच होती. मात्र घाईत ओळख लिहायची राहिली की ती गोष्ट पुन्हा त्या एका काल्पनिक माणसाच्या नावावर जात असे, आणि बाबांकडून ती हमखास राहत असे.

त्यानंतर प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रोजेक्ट, म्हणजे त्याच खात्यातले संवादांचे वेगळे कप्पे, तयार केले आणि त्या प्रोजेक्टची मेमरी त्याच्यापुरती मर्यादित ठेवण्याचा पर्याय निवडला. हा पर्याय प्रोजेक्ट तयार करतानाच पाहावा लागतो. सरमिसळ थांबवण्याच्या दृष्टीने हा उपाय चांगला आहे. एकाच माणसाला आपली दोन कामे वेगळी ठेवायची असतील तर तो पुरेसाही आहे, आणि माझ्या भाषांतरांसाठी मी तो आजही वापरते. कुटुंबासाठी तो अपुरा ठरला, कारण प्रोजेक्टच्या आत शिरून संवाद सुरू करण्याऐवजी मुख्य पानावरच लिहायला सुरुवात होण्याचा धोका कायम राहतो, आणि खाते एकच असल्यामुळे प्रत्येकाचे लेखन इतर तिघांना दिसत राहते. त्या रात्रीनंतर मुलीला हे मान्य होणे शक्य नव्हते, आणि तिचे म्हणणे योग्यच होते.

शेवटी आम्ही चार स्वतंत्र खाती केली, आणि हेच आधी करायला हवे होते. एक खाते अनेकांनी वापरण्यास अशा सेवांच्या अटींमध्ये बहुधा मनाई असते. मी त्या अटी हे सगळे झाल्यावर पहिल्यांदा वाचल्या. सशुल्क खाते माझ्याकडे राहिले आणि बाकीच्यांना विनाशुल्क खाती पुरली. मुलगी अठरा वर्षांखालील असल्यामुळे तिचे खाते पालकांच्या संमतीने आणि खरी जन्मतारीख देऊन उघडले, कारण अल्पवयीन वापरकर्त्यांसाठी असलेली संरक्षणे लागू व्हावीत यासाठी वय बरोबर असणे महत्त्वाचे असते. जुने संवाद एका खात्यातून दुसऱ्यात हलवण्याची सोय आम्हाला मिळाली नाही. माहितीची निर्यात करता येते, पण ती सगळ्यांची एकत्रच मिळते. म्हणून प्रत्येकाने आपल्याला हवे ते चार-पाच संवाद साध्या फायलीत उतरवून घेतले. मग मी माझ्या खात्यातल्या सगळ्या नोंदी पुसल्या, जुन्या संवादांचा संदर्भ घेण्याची सोय बंद केली आणि इतरांचे संवाद काढून टाकले.

खाती वेगळी केली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. घरात एकच संगणक आहे आणि ब्राउझर शेवटचे लॉगिन लक्षात ठेवतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात पतींनी दोन पत्रे मुलीच्या खात्यातून लिहिली. त्यावर ब्राउझरमध्ये प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल तयार करणे हा उपाय लागू पडला. प्रत्येक प्रोफाइलच्या खिडकीला निराळा रंग दिला. बाबांचा हिरवा आहे, आणि रंग हिरवा नसेल तर लिहायचे नाही एवढे एकच त्यांनी लक्षात ठेवायचे आहे. बैठकीतल्या टॅबलेटवर कोणीही पटकन काहीतरी पाहते, म्हणून तेथे Temporary chat मध्येच लिहायचे असे ठरवले. त्या प्रकारच्या संवादातून मेमरीत नोंद होत नाही.

नव्या खात्यात प्रत्येकाने सुरुवातीलाच स्वतःविषयी तीन-चार वाक्ये स्वतःच्या हाताने सूचनांच्या रकान्यात लिहिली. बाबांनी शस्त्रक्रियेची तारीख, कोणता गुडघा आणि फिजिओथेरपिस्टने घालून दिलेली मर्यादा लिहिली. त्यानंतर आम्ही बाबांच्या आणि मुलीच्या खात्यांतून व्यायामाचे वेळापत्रक नव्याने तयार करून दोन्ही कागद शेजारी ठेवले. बाबांच्या कागदावर धाव नव्हती, मुलीच्या कागदावर गुडघ्याचा उल्लेख नव्हता. बाबांचा कागद मी तरीही फिजिओथेरपिस्टला दाखवला, आणि त्यांनी त्यातला जिना चढण्याचा एक व्यायाम दोन आठवडे पुढे ढकलला.

महिनाभराने बाबांनी स्वतः त्यांची यादी उघडली. सहा नोंदी होत्या आणि त्यातली एक रसायनशास्त्राच्या परीक्षेची होती. मुलीने स्वतःचा फोन चार्जिंगला लावून बाबांच्या फोनवरून एक समीकरण सोडवून घेतले होते. बाबांनी नोंद पुसली, मग तो संवादही शोधून काढून टाकला आणि तिला हाक मारून म्हणाले, “बाळा, माझा फोन घे हवा तर, पण आधी माझं खातं बंद करून तुझं उघड.”