उत्तर ९, आमचं १९/३

क्लासच्या ग्रुपवर गृहपाठ टाकायचा तर पान सपाट धरून, उजेडात फोटो काढावा. एवढं केलं असतं तर आमची निम्मी रात्र वाचली असती. पुस्तकाच्या घडीजवळ सावली, वरची ओळ तिरकी आणि समीकरणातल्या अक्षरांच्या डोक्यावर कुठेतरी एक ठिपका. तो ठिपका म्हणजे २ चा घात आहे की कागदावरची धूळ, हे मोठं करून पाहिलं तरी कळेना.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. बी.एस्सी.ला माझं गणित होतं, म्हणून भावाचा मुलगा ओंकार अडला की वही घेऊन विश्रामबागला माझ्याकडे येतो. यंदा तो बारावीला आहे. त्या दिवशीचं गणित होतं दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ काढायचं. रेषा स्पष्ट दिसत होती, y = 2x − 4. दुसरं समीकरण ओंकारनं y = 4x² असं उतरवून आणलं होतं.

छेदनबिंदू काढायला दोन्ही समान ठेवले, तर 4x² − 2x + 4 = 0 आलं. त्याचा विवेचक 4 − 64, म्हणजे उणे ६०. रेषा आणि पॅराबोला एकमेकांना भेटतच नाहीत, मग त्यांच्यात अडकलेलं क्षेत्र कुठून येणार? घात नाहीच असं धरून y = 4x घेतलं, तर दोन सरळ रेषा एकाच बिंदूत छेदतात, तेव्हाही काही बंद होत नाही. म्हणजे तो ठिपका घातच होता आणि तो y वर होता: y² = 4x. फोटोतलं गणित नीट वाचलंय का, हे छेदनबिंदू असे लगेच सांगतात.

पुढचं सोपं. रेषेची किंमत पॅराबोलात घातली, x² − 5x + 4 = 0 आलं, x = 1 आणि x = 4. ओंकारनं क्षणात इंटिग्रल मांडलं, वरचा वक्र वजा खालचा:

```
∫ (1 ते 4) [2√x − (2x − 4)] dx = 32/3 − 13/3 = 19/3
```

उत्तरांच्या फोटोत ९ होतं. तो फोटो मात्र स्वच्छ होता.

इथे आम्ही तासभर अडकलो. बेरीज तपासली, √x चं इंटिग्रेशन तपासलं, कंसातलं चिन्ह तपासलं. सगळं बरोबर. "आत्या, छपाईची चूक असणार की," ओंकार म्हणाला आणि वही मिटायला लागला. माझाही धीर सुटत आला होता. सकाळी आठला यार्डात सौदे असतात आणि घड्याळात पावणेअकरा झाले होते.

मग मी दुकानात करते तेच केलं. खातं जुळत नसलं की आधी फरकाची रक्कम बघायची, कारण बऱ्याचदा ती रक्कमच राहून गेलेल्या पावतीकडे बोट दाखवते. इथे फरक होता ९ वजा १९/३, म्हणजे ८/३. कुठला तरी ८/३ चा तुकडा आम्ही मोजलाच नव्हता.

"आकृती काढ रे नीट," मी म्हटलं. आत्तापर्यंत त्यानं वहीच्या कोपऱ्यात नुसता एक बाक आणि एक रेघ काढली होती. आलेख कागदावर काढायला लावलं. x = 1 ला रेषेवर y किती? 2 − 4, म्हणजे −2. आणि 2√x ची किंमत? 2. तो थांबला. "आत्या, अगं हे दोन्ही सारखे नाहीत." इथेच सगळं होतं. छेदनबिंदू (1, −2) आहे, पॅराबोलाच्या खालच्या फांदीवर. ओंकारचा 2√x ही वरची फांदी, तिला रेषा फक्त (4, 4) मध्ये भेटते. वर्ग करून समीकरण सोडवलं की दोन्ही फांद्यांचे x एकत्र येतात आणि कुठला कुणाचा हे पुसलं जातं. म्हणून x काढून थांबायचं नाही, त्याच्या जोडीचा y रेषेच्या समीकरणातून काढून बिंदू पूर्ण लिहायचा.

आकृतीत ते लख्ख दिसलं. पॅराबोला उजवीकडे उघडतो, त्याचं टोक (0, 0) ला. क्षेत्र x = 1 पासून सुरू होतच नाही, ते शून्यापासून सुरू होतं. शून्य ते एकपर्यंत उभ्या पट्टीचं वरचं टोक वरच्या फांदीवर आणि खालचं टोक खालच्या फांदीवर आहे, रेषा तिथे आलेलीच नाही. त्या पट्टीची उंची 2√x − (−2√x), म्हणजे 4√x.

```
∫ (0 ते 1) 4√x dx = 8/3
```

१९/३ अधिक ८/३, बरोबर ९. राहिलेली पावती सापडली. ओंकारनं ८/३ भोवती लाल पेननं गोल केला आणि मला खरंच फार बरं वाटलं.

यातून एक तपासणी मी त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिली. लिमिट म्हणून छेदनबिंदू घेतला असेल तर तिथे पट्टीची उंची शून्य आली पाहिजे. आमच्या इंटिग्रलमध्ये x = 1 ठेवलं तर उंची ४ येत होती. चार एकक उंचीची पट्टी म्हणजे कापलेली कड, क्षेत्र तिच्या डावीकडे अजून शिल्लक आहे. गणितातच x = 2 सारखी उभी रेषा सीमा म्हणून दिली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उंची शून्य नसली तरी चालतं.

मग हे दोन तुकडे न करता कसं करायचं? पट्टी आडवी घ्यायची. तळापासून वरपर्यंत उजवं टोक रेषेवरच राहतं आणि डावं पॅराबोलावर, मध्येच कुणी बदलत नाही. रेषेवरून x = (y + 4)/2, पॅराबोलावरून x = y²/4, आणि उजवं वजा डावं:

```
∫ (−2 ते 4) [(y + 4)/2 − y²/4] dy = 20/3 − (−7/3) = 9
```

ओंकारनं हे लिहिताना आधी लिमिट १ ते ४ च घातल्या होत्या, तेही सांगून ठेवते. dy लिहिलं की लिमिटही y च्याच हव्यात, म्हणजे −2 आणि 4. घाईत हमखास होणारी चूक आहे ही.

आणि फोटोबद्दल: घात वाचता येत नसेल तर मित्राकडून ती ओळ टाइप करून मागवा. आम्ही मागवली असती तर y = 4x² वर गेलेली वीस मिनिटं वाचली असती.

त्याच फोटोत पुढचं गणित y² = 4x आणि x² = 4y असं होतं. ओंकारनं आधी दोन्ही बिंदू पूर्ण लिहिले, (0, 0) आणि (4, 4). मग दोन्ही टोकांना पट्टीची उंची काढली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "इकडंही शून्य, तिकडंही शून्य. यात dx चालतंय." त्याचं उत्तर १६/३ आलं. उत्तरांच्या फोटोतही तेच होतं.